लांबीवर दर की वजनावर? एका छोट्या सलूनचा हिशोब

प्रश्न : माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे, काम मी एकटीच करते. कट असो की कलर, दर केसांच्या लांबीवर आहेत : आखूड, मध्यम, लांब. मध्यमपेक्षा लांब केसांना तीस टक्के जास्त घेते. खुर्च्या भरलेल्या असतात, तरी कलरच्या ट्यूबांचं बिल भरल्यावर हातात काही राहत नाही. घरचे म्हणतात, सगळेच दर पंधरा टक्क्यांनी वाढव. एक मैत्रीण म्हणते, माल तोलून दर लाव. पण वजनकाटा पाहून गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : सरसकट पंधरा टक्के वाढवू नका. कलरचे दर वजनावर न्या, पण अर्धेच. आणि कटचे दर लांबीवरून काढून वेळेवर आणा. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. त्यातलं कलरचं प्रकरण सगळ्यात महाग पडतंय, म्हणून तिथून सुरुवात करतो.

लांबीवरून माल किती लागेल याचा अंदाज बांधायचा, हे पूर्ण डोक्याच्या कलरला, म्हणजे ग्लोबलला, थोडंफार जमतं. रूट टचअपला अजिबात जमत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. टचअपला येणारी बाई सहा आठवड्यांनी आली, तर रंगवायचा पट्टा दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो, मग तिची वेणी खांद्यापर्यंत असो की कमरेपर्यंत. तिथे माल ठरतो केस किती दाट आहेत आणि मागच्या वेळेला किती दिवस झाले यावर. लांबी पुढे येते ती धुताना आणि वाळवताना, आणि तिथे खर्च होतो तुमचा वेळ, ट्यूब नव्हे.

ग्लोबलमध्येही दाटपणा लांबीला सहज मागे टाकतो. खांद्यापर्यंतचे पण दाट, जाड केस दीड ट्यूब खातात, तर त्याहून लांब पण विरळ केस एका ट्यूबमध्ये आटोपतात. आधी ब्लीच झालेले किंवा कोरडे केस माल जास्त शोषतात, तो फरक आणखी वेगळा.

तुम्ही प्रत्यक्ष रकमा लिहिलेल्या नाहीत, म्हणून हिशोबासाठी एक माप धरू. भाडं, वीज, हप्ते आणि तुमचा स्वतःचा पगार (तोही खर्चच आहे, शेवटी उरलं तर घ्यायची गोष्ट नव्हे) यांची महिन्याची बेरीज करा. तिला तुमचे हात खरोखर केसांवर असतात त्या तासांनी भागा. सलून उघडं असतं ते तास धरू नका. कलर लावून अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, तेव्हा तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर कट करत असता, म्हणून तो वेळही इथे मोजायचा नाही. भागाकारातून हाताच्या एका तासाची किंमत निघेल, तिला १०० म्हणू. ६० ग्रॅमची ट्यूब ६० ला, म्हणजे ग्रॅमला १. डेव्हलपर स्वस्त असतो, मिलिलिटरला ०.१ धरू. कलर आणि डेव्हलपर यांचं मिश्रण एकास दीड. मध्यम केसांच्या कलरचा तुमचा आजचा दर २०० धरला, तर लांब केसांचा २६० होतो.

आता दोघीजणी समोर आणू. पहिलीचे केस कमरेपर्यंत, विरळ, काम रूट टचअपचं. तिला अर्धी ट्यूब आणि ४५ मिलिलिटर डेव्हलपर लागला. ग्लोव्हज, शाम्पू वगैरे धरून माल ४० चा. लावायला अर्धा तास, धुवायला दहा मिनिटं आणि लांबीमुळे वाळवायला पंचवीस. म्हणजे ६५ मिनिटं, १०८. एकूण खर्च १४८, आणि तुम्ही घेतले २६०.

दुसरीचे केस खांद्यापर्यंत, दाट, काम ग्लोबलचं. दीड ट्यूब, १३५ मिलिलिटर डेव्हलपर, किरकोळ सामान, माल १०९ चा. लावायला पन्नास मिनिटं, धुवायला दहा, वाळवायला वीस. म्हणजे ८० मिनिटं, १३३. एकूण २४२, आणि तुम्ही घेतले २००.

तुमच्या हातात काही का राहत नाही याचं उत्तर या दोघींत आहे. दुसरीच्या कामातली ४२ ची तूट पहिली भरून काढते आहे, आणि हे दोघींनाही माहीत नाही. सरसकट पंधरा टक्के वाढवले तर पहिली २९९ देईल आणि दुसरी २३०. दुसरीत तरीही तूटच, आणि आधीच जास्त देणारी पहिली आणखी जास्त देणार. ती दर दीड महिन्याने येते, तिला दर तोंडपाठ आहे, आणि टचअप असं काम आहे की ती दुसरीकडे सहज करून घेऊ शकते. ती गेली तर आज मिळणारे २६० जातात आणि वाचतात फक्त मालाचे ४०, कारण भाडं आणि हप्ता त्या तासासाठीही चालूच राहतात. म्हणजे एका पहिलीच्या जाण्याने २२० चा खड्डा पडतो. दुसरीसारख्या आठजणींकडून मिळालेली ३०-३० ची वाढ तो खड्डा भरण्यातच संपते. ज्या लांब केसवाल्या टिकतील त्या जास्त देतील हे खरं, पण तुमच्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकांच्या सहनशक्तीवर धंदा उभा करू नये असं माझं ठाम मत आहे.

मग सगळं ग्रॅमवरच का लावू नये? कारण गिऱ्हाइकाला बसण्याआधी आकडा हवा असतो, आणि तो तिचा हक्क आहे. शिवाय शुद्ध वजनावर दर लावला तर बाउलमध्ये उरलेल्या मालाचे पैसेही तिच्याकडूनच जातात. कालवलेला कलर ठेवून नंतर वापरता येत नाही, डेव्हलपर मिसळला की त्याची क्रिया सुरू होते. किती कालवायचं हा निर्णय तुमचा, तेव्हा उरलेल्याचा भारही तुमचा.

म्हणून दर असा बांधा की मूळ कामात ठराविक माल धरलेला असेल आणि त्यावर लागला तरच जादा. रूट टचअपचा दर १५०, कुठल्याही लांबीला एकच, त्यात ३० ग्रॅम कलर धरलेला. ग्लोबलचा दर १९०, त्यात एक पूर्ण ट्यूब. पुढच्या प्रत्येक पाव ट्यूबला, म्हणजे १५ ग्रॅमला, जादा ३०. पाव ट्यूबचा माल डेव्हलपरसकट १७ चा असला, तरी ती लावायला तुमची पाचेक मिनिटं जातात, म्हणजे खर्च २५ होतो. जादा मालाला फक्त ट्यूबची किंमत लावणं ही या पद्धतीतली नेहमीची चूक आहे. वाळवणं वेगळं धरा, आणि तिथे मात्र लांबीवरच : खांद्यापर्यंत ३५, कमरेपर्यंत ५०. ज्यांना ओल्या केसांनीच जायचं असेल त्यांनी ते देऊ नये.

या दरांनी पहिलीचं बिल २०० होतं. दुसरीचं १९०, दोन पाव ट्यूब ६० आणि वाळवणं ३५, मिळून २८५. दोघींच्या कामातून खर्च निघून चाळीस-पन्नास उरतात.

पण दुसरीला २०० वरून एकदम २८५ वर नेऊ नका. तुम्ही लिहिता तशा खुर्च्या खरोखर भरलेल्या असतील, तर ती गेली तरी तिचा वेळ दुसरं कोणी घेईल. पण आठवड्यातले एक-दोन दिवस रिकामे जात असतील, तर आजच्या तोट्याच्या दरातही ती मालाचा खर्च वजा जाता ९१ भाड्याकडे देऊन जाते. रिकामी खुर्ची काहीच देत नाही. आधी दरपत्रक बदला, जुन्या दाट केसवाल्यांना या खेपेला सांगून ठेवा, पुढच्या खेपेला अर्धी वाढ आणि त्यापुढच्या खेपेला पूर्ण. नव्यांना पहिल्या दिवसापासून नवा दर.

काट्याची भीती सोडा. गिऱ्हाईक बिचकतं ते वजनाला नव्हे, शेवटी वाढून आलेल्या बिलाला. केस कोरडे असताना हातात घेऊन दाटपणा बघा आणि कालवण्याआधी सांगा : "तुमच्या केसांना दीड ट्यूब लागेल, सगळं मिळून २८५ होतील, याच्या वर जाणार नाही." अंदाज चुकून आणखी पाव ट्यूब लागली तर ती तुमच्या खिशातून. आधी बिघडलेला रंग सुधारायचा असेल तर मात्र असा पक्का आकडा देऊ नका. तिथे किती वेळा लावावं लागेल ते आधी कळत नाही, तेव्हा तासाचा दर आणि मालाचा दर वेगळे लिहून द्या.

कटला यातलं काहीच लागू नाही, कारण कटमध्ये माल जवळजवळ नसतोच. कमरेपर्यंतच्या केसांची सरळ ट्रिम वीस मिनिटांत होते आणि कानाजवळचा आखूड, मानेवर बारीक उतरवलेला कट पाऊण तास मागतो. तुमच्या आजच्या पत्रकात पहिलं महाग आहे आणि दुसरं स्वस्त. ट्रिम, लेयर्स आणि नव्याने आकार देणं असे कामाचे तीन दर करा, मिनिटं मोजून. तेवढं पुरे.

हे सगळं करण्याआधी महिनाभर एक काम करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या, त्यावर रिकामा बाउल ठेवून त्याचं वजन लिहा, मग शून्य करा, कलर पिळून वजन लिहा आणि मगच डेव्हलपर घाला. डोळ्यांनी अर्धी ट्यूब पिळणाऱ्या सवयीच्या हातातूनही पाच-दहा ग्रॅम सहज जास्त जातात. काम झाल्यावर उरलेल्या मिश्रणासकट बाउल पुन्हा तोला आणि त्यातून रिकाम्या बाउलचं वजन वजा करा. एकास दीडच्या मिश्रणात २५ ग्रॅम उरलं, तर त्यात १० ग्रॅम कलर आहे. बहुतेक टचअपना असंच उरत असेल, तर तुमच्या टचअपला ३० नव्हे, २० ग्रॅमच लागतात. तसं असेल तर दर वाढवण्याआधी कालवणं कमी करा. उलट, वहीत टचअपची सरासरी ४० ग्रॅम निघाली, तर मूळ दरात धरलेला माल ४० करा आणि १५० चे १६५ करून मगच पत्रक छापा.