पाऊण किलो चिवडा आणि ३/३२ पुड्या

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. अपूर्णांक तिसरीत झाले, चौथीत झाले, पाचवीत झाले, आता परत तेच. याला म्हणे स्पायरल अभ्यासक्रम म्हणतात. दरवर्षी तेच उगाळण्यापेक्षा एकदाच नीट संपवून का टाकत नाहीत? सुट्टीत घरीच सगळं करून घेऊ का?

नका करून घेऊ. मी सहावी-सातवीला गणित शिकवते, पण हे उत्तर शिक्षिका म्हणून कमी आणि आई म्हणून जास्त लिहितेय. तुम्ही विचारताय तो प्रयोग माझ्या घरात होऊन गेलाय.

माझा मोठा भाऊ इंजिनिअर. एकच धडा शाळा पाच वर्षं पुरवून पुरवून वाढते, हे त्याचं ठाम मत. माझा मुलगा चौथीतून पाचवीत जाणार होता, त्या मे महिन्यात दादाने त्याला पंधरा दिवस समोर बसवलं. रोज सकाळी दोन तास. समच्छेद, लसावि, बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शेवटी भागाकार: दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं. दोनशे पानी वही भरली. जाताना दादा म्हणाला, "याचे अपूर्णांक आता आयुष्यभरासाठी संपले." मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. पाचवीच्या चाचण्यांत त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले.

मग सहावीतली दिवाळी आली. परातीत पोह्यांचा चिवडा होता आणि शेजारी द्यायला पुड्या बांधायच्या होत्या. मी सहज म्हटलं, "पाऊण किलो आहे. अर्ध्या पावाची, म्हणजे १/८ किलोची एक पुडी केली तर किती पुड्या होतील?" त्याने वही ओढली, ३/४ × १/८ मांडलं आणि ३/३२ असं उत्तर काढून माझ्याकडे बघितलं. "तीन बत्तिसांश पुड्या. बरोबर ना?"

समोर परात भरलेली, आणि उत्तर एका पुडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्याला त्यात काहीच खटकलं नाही. मी वजनकाटा पुढे केला, सव्वाशे-सव्वाशे ग्रॅम मोजून त्याच्याकडूनच पुड्या भरून घेतल्या. सहा झाल्या. तो पुड्यांकडे बघत म्हणाला, "वजनात सहा आल्या गं, पण गणितात तीन बत्तिसांश येतात."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्याच्या डोक्यात पुड्यांचं जग वेगळं आणि गणिताचं जग वेगळं झालं होतं. उलटं करायचा नियम त्याला पाठ होता, पण तो भागाकाराचं चिन्ह दिसलं की चालू होणारा. शब्दांत विचारलेल्या प्रश्नात चिन्ह नव्हतं, आणि इथे भागाकार आहे हे त्याला ओळखता येत नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघं पाचवीकडे परत गेलो. पाचवीत सममूल्य अपूर्णांक असतात. पाऊण म्हणजे ३/४, आणि तेच ६/८. मुलं हे धडाधड करतात, पण कशासाठी करतो ते त्या वयात कळत नाही. सहावीत त्याचा उपयोग येतो. पाऊण किलोचे ६/८ केले की प्रश्न उरतो तो इतकाच: सहा अष्टमांशांतून एकेक अष्टमांश किती वेळा निघेल? सहा वेळा. उलटं करायची गरजच पडली नाही. उलटं का करतात तेही याच्या पुढच्या पायरीवर दिसतं. एका किलोत अर्ध्या पावाच्या आठ पुड्या होतात, म्हणून पाऊण किलोत आठच्या पाऊणपट. १/८ उलटा केल्यावर जो ८ येतो, तो म्हणजे एका किलोतल्या पुड्या. पुडी २/३ किलोची केली, तर एका किलोत दीड पुडी होते, म्हणजे ३/२. तोही उलटाच अपूर्णांक. हे एकदा हाताने करून बघितलं की नियम पाठ करावा लागत नाही.

मग मी त्याला खरा अवघड प्रश्न घातला. तुम्हीही तुमच्या मुलीला हाच घाला. पाऊण किलो चिवड्याच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या केल्या तर किती? माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं "एक पुडी आणि पाव" असं सांगतात. नियमाने करणारी सांगतात दीड. मग वर्गात भांडण लागतं, कारण उरलेला चिवडा तर पावच किलो आहे! दोन्ही बरोबर आहेत. उरला तो पाव किलो, पण तोच अर्धी पुडी. मोजायचं माप किलोवरून पुडीवर गेलं, आणि त्याबरोबर त्याच चिवड्याचं नाव बदललं. तिसरीत भाकरीची चतकोर दाखवताना ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न येतच नाही, कारण भाकरी एकच असते. सहावीत तो पहिल्यांदा पुढ्यात उभा राहतो. तुमच्या मुलीला हे समजावून सांगता आलं, तर सहावीचं सहावीत झालं असं समजा.

स्पायरलचा, म्हणजे सर्पिल अभ्यासक्रमाचा, मूळ अर्थ हाच आहे: तीच कल्पना परत परत येते, पण प्रत्येक वेढ्यात आधीपेक्षा खोल. १९५९ मध्ये अमेरिकेत वुड्स होल इथे शास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणातली माणसं एकत्र बसली होती. त्या चर्चेवरून मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात ही कल्पना आली. कुठलाही विषय कुठल्याही वयाच्या मुलाला शिकवता येतो, मात्र प्रामाणिक रूपात, असं त्यांचं म्हणणं. लोक यातलं ‘कुठल्याही वयाला’ तेवढं लक्षात ठेवतात आणि ‘प्रामाणिक’ विसरतात. प्रामाणिक म्हणजे आज सोपं करून सांगितलेलं उद्या खोटं ठरता कामा नये. ‘भागलं की संख्या लहान होते’ हे तिसरीत सांगणं अप्रामाणिक आहे, कारण सहावीत पाऊण भागिले एक अष्टमांश सहा येतात. ‘लहान संख्येला मोठीने भाग जात नाही’ हेही तसंच, कारण तीन भाकऱ्या चौघांत वाटल्या की प्रत्येकाला पाऊण मिळतेच. असली वाक्यं आम्ही शिक्षकच वर्गात फेकतो आणि पुढची बाई ती निस्तरत बसते.

पुढच्या वेढ्यांत काय येतं ते थोडक्यात. सातवीत परिमेय संख्या येतात, म्हणजे तोच पाऊण शून्याच्या डावीकडेही जातो. वाटणीची भाकरी तिथे उपयोगी पडत नाही, संख्यारेषाच लागते. आठवीत √२ सारख्या, अपूर्णांकात न बसणाऱ्या संख्या भेटतात. नववीतलं मात्र मला फार आवडतं. ३/४ चा भागाकार ०.७५ वर थांबतो, १/३ चा ०.३३३… असा थांबतच नाही. का? एकाला सातने भागून बघा. बाकी १ ते ६ यांपैकीच येऊ शकते, शून्य येत नाही. म्हणजे सहा पायऱ्यांनंतर कुठली तरी जुनी बाकी परत येणारच, आणि ती आली की तेच अंक पुन्हा सुरू: १४२८५७, १४२८५७. तिसरीत कोपऱ्यात लिहून सोडून दिलेली ‘बाकी’ नववीत सगळं उत्तर ठरवते. हे दहा वर्षांच्या मुलाला मे महिन्यात कसं संपवून देणार?

जमलंय की नाही हे ओळखायला बेरजा देऊ नका. १२/१३ + ७/८ हे अंदाजे किती, एवढंच विचारा. पेन्सिल हातात घेऊ देऊ नका. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना हाच प्रश्न होता, पर्याय १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळपास एक, म्हणून उत्तर दोन. ते फक्त २४ टक्के मुलांना आलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे नुसते अंश किंवा नुसते छेद मिळवले. माझ्या मुलाने तेव्हा १०४ चा समच्छेद करून १८७/१०४ हे अचूक उत्तर काढलं होतं. "मग एकाच्या जवळ की दोनच्या?" म्हटल्यावर गप्प बसला.

तुमची तक्रार अगदीच चूक आहे असंही नाही. दरवर्षी तीच बेरीज नुसत्या मोठ्या छेदांनी करायला लावली, तर त्याला सर्पिल म्हणायचं नाही. तो घाण्याचा बैल झाला, आणि तसे वर्ग पुष्कळ आहेत. दुसरं म्हणजे, खालचा वेढा निसटला तर वरचा उभा राहत नाही. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जाणारी मुलं दिवाळीनंतर वर्गात नसतात. धडा दरवर्षी त्याच महिन्यांत आला, तर त्यांचा तोच भाग दरवर्षी बुडतो. अशा मुलाला सहावीत मी आधी पाचवीचं करून घेते, भले पोर्शन मागे पडो. आणि मुलगी स्वतःहून पुढचं विचारत असेल तर जरूर सांगा. माझं भांडण पुढे जाण्याशी नाही, ‘संपवण्याशी’ आहे.

दादाला मी तेव्हाच हे सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, मुलाने सराव सोडला म्हणून विसरला. विसरला नव्हता, १०४ चा समच्छेद काय विसरलेला मुलगा काढतो? आमच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होती. दादा त्याचाच दाखला देतो. पण आजी ती रोज शेरा-पावशेराच्या हिशोबात वापरायची, वहीत नाही. पाठांतर मलाही हवंय. ते हातातल्या वजनाला धरून हवं.

आता दादाची नात चौथीत आहे आणि त्याने परवाच नवी दोनशे पानी वही आणलीय. मी त्याला फोन करून सांगितलं, वही उघडण्याआधी तिला पाऊण किलो पोहे, वजनकाटा आणि रिकाम्या पुड्या दे, आणि अर्ध्या किलोच्या पुडीचा प्रश्न विचार. तिने "एक पुडी आणि पाव" म्हटलं तर लगेच खोडू नकोस. "कशाचा पाव?" एवढं विचार आणि थांब.