एक स्टार आणि "खूप छान सेवा": स्टार बदलू नका, आधी फॉर्म तपासा

प्रश्न: ग्राहकांच्या अभिप्रायांचं विश्लेषण करतोय. बऱ्याच ओळींत स्टार एक सांगतात आणि लिहिलेलं भलतंच असतं. अशा ओळी कशा शोधायच्या? सापडल्यावर काढून टाकायच्या की मजकूर बघून स्टार दुरुस्त करायचे?

काढूही नका आणि दुरुस्तही करू नका. यातल्या दुरुस्तीवरून माझं एका वरिष्ठांशी चांगलंच वाजलं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्याकडे काम झालं की ग्राहकाकडून दोन वाटांनी अभिप्राय यायचा. ॲपमध्ये नेहमीचे पाच स्टार. ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांना मेसेज जायचा: १ ते ५ पैकी गुण द्या, हवं तर दोन ओळी लिहा. मेसेजची वाट नवीन होती. ती सुरू झाली आणि सरासरी घसरली. एक गुणाच्या ओळी उघडून बघितल्या तर "खूप छान सेवा", "माणूस वेळेवर आला, काम नीट केलं" असलं लिहिलेलं. साहेब म्हणाले, "उघड आहे, बोट चुकलंय लोकांचं. पाच करून टाक."

बोट चुकलं तर ते शेजारी पडतं, पाचाच्या जागी चार होतात. पाचाचा थेट एक होत नाही, निदान इतक्या जणांचा तरी नाही. म्हणून मी त्या ओळी आधी वाटेप्रमाणे वेगळ्या केल्या. जवळपास सगळ्या मेसेजवरून आलेल्या निघाल्या. ॲपमध्ये स्टार डोळ्यांसमोर भरत जातात, त्यामुळे कमी काय आणि जास्त काय ते दिसतं. मेसेजमध्ये मात्र एक म्हणजे वाईट असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्यांच्या डोक्यात पहिला नंबर म्हणजे सगळ्यात चांगला, त्यांनी खूश होऊन एक पाठवला.

हा तर्क बरोबर असेल तर दुसऱ्या टोकाला याचं प्रतिबिंब दिसलं पाहिजे. ते दिसलं. मेसेजवरून आलेल्या पाचांमध्ये "तीनदा फोन केला, कोणी फिरकलं नाही" अशा ओळी होत्या. पट्टी उलटी वाचली गेली आहे हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही: विसंगती दोन्ही टोकांना असते आणि एकाच वाटेवर साचलेली असते.

मी ते पाच दाखवल्यावर साहेब म्हणाले, "ते राहू दे. पाच तर पाच."

मला राग आला तो इथे. एकाचे पाच करायला मजकूर पुरावा म्हणून चालतो आणि पाचाचा एक करायची वेळ आली की तोच मजकूर बाजूला. याला डेटा साफ करणं म्हणत नाहीत. सरासरी वाढेल त्याच दिशेला जी दुरुस्ती होते, तिचं नाव काहीही ठेवा, ती हातचलाखी आहे.

मग त्यांनी तडजोड काढली: मेसेजवरचे सगळेच गुण उलटे करू. तेही चालत नाही. काहींनी पट्टी बरोबर वाचली होती, त्यांच्या एकाखाली खरी तक्रार होती. शिवाय बहुतेकांनी नुसता आकडा पाठवला होता, मजकूर नाहीच. त्यातला कुठला एक खूश आणि कुठला वैतागलेला, हे कळायला काही मार्ग नाही. त्या काळातली त्या वाटेची सरासरी गेली, एवढंच. ती वेगळी दाखवायची, एकूण आकड्यात मिसळायची नाही आणि मेसेज बदलायचा: "१ = अतिशय वाईट, ५ = उत्तम". बदलल्यानंतर अशा ओळी जवळपास थांबल्या.

आता शोधायचं कसं. मजकुराचा सूर स्टार न बघता ठरवायचा आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे. इथे लोक एक गोष्ट हमखास करतात: स्टारनाच लेबल मानून मॉडेल शिकवतात आणि त्याच ओळींवर त्याच मॉडेलचं मत विचारतात. त्याने त्या ओळी आधीच पाहिलेल्या असतात, त्यामुळे चुकीच्या स्टारशीसुद्धा ते सहमत होऊन बसतं. ज्या ओळीबद्दल विचारायचं ती शिकवताना लपवलेली हवी. सायकिट-लर्नमध्ये ते एका ओळीचं काम आहे:

```python
p = cross_val_predict(model, X, y, cv=5, method="predict_proba")
```

शिकवताना तीन स्टार वगळा. शोधताना चारही वगळा, कारण चार देणारा माणूस बहुतेक वेळा कापलेल्या एका स्टारचं कारणच लिहितो. ती तक्रार दिसते, पण विसंगती नसते.

यापुढे हिशेब लक्षात ठेवा. समजा ८,००० अभिप्राय पाच स्टारचे आहेत आणि मॉडेल त्यांत ५ टक्के वेळा चुकतं. म्हणजे ४०० चांगल्या ओळी उगाच तक्रार म्हणून पुढे येतील. खऱ्या विसंगत ओळी १ टक्का, म्हणजे ८० असल्या आणि त्या सगळ्या सापडल्या, तरी तुमच्या यादीत सहातली एकच खरी. आता एक स्टारचे १,००० घ्या. तेवढ्याच चुकीने सुमारे ५० खोट्या येतील, पण त्यांत १०० खऱ्या असल्या तर तीनातल्या दोन खऱ्या. एकच मॉडेल, एकच चूक, पण दोन टोकांच्या याद्यांवर सारखा विश्वास ठेवता येत नाही. पाच स्टारची यादी हाताने वाचल्याशिवाय कुणाला दाखवू नका.

वाचताना दोघांनी वेगवेगळं वाचावं आणि प्रत्येक ओळीला कारण द्यावं: पट्टी उलटी, स्टार एका गोष्टीला आणि मजकूर दुसऱ्याच गोष्टीबद्दल, उपरोध, की मॉडेलचीच चूक. "तक्रारीला जागाच ठेवली नाही" हे वाक्य तक्रारीत टाकणारी मॉडेल्स भरपूर आहेत. "वस्तू उत्तम, पण पोचायला फार उशीर" याखाली पाच स्टार असतील तर त्यात काहीच विसंगत नाही. स्टार वस्तूला आहेत, उशिराची तक्रार उशीर हाताळणाऱ्यांकडे जाऊ द्या. दोघांचं कारणांवर वारंवार जुळत नसेल तर कारणांच्या व्याख्या कच्च्या आहेत, आधी त्या पक्क्या करा.

मूळ स्टारचा कॉलम हात न लावता ठेवा. शेजारी मजकुराचा सूर आणि त्याच्या शेजारी कारण. अहवालात सरासरी मूळ स्टारचीच, खाली विसंगत ओळींचं प्रमाण वाटेप्रमाणे आणि ॲपच्या आवृत्तीप्रमाणे. कोणी म्हणालं की सुधारलेली सरासरी पण दाखवा, तर दोन्ही दिशांची दुरुस्ती एकदम करून दाखवा. बहुधा मग कोणी मागत नाही.

एक अट सांगायची राहिली. दोन-तीन शब्दांच्या मजकुरावर हे फारसं चालत नाही. "ठीक" किंवा "बघू" यातून सूर काढणं म्हणजे अंदाज. अशा ओळी यादीत घेऊच नका. उपरोधही मॉडेलला भरवशाने कळत नाही, तो हाताने वाचतानाच सापडतो. आणि तुमचे अभिप्राय दोन-चारशेच असतील तर मॉडेलच्या भानगडीत पडू नका, एक स्टारचे सगळे आणि पाच स्टारमधले लांबलचक लिहिलेले सरळ वाचून काढा.