येणं अंगावर घेऊ नका, दागिने ताब्यात घ्या

प्रश्न: मी मेहुण्याला धंद्यासाठी ६ लाख रुपये बिनव्याजी दिले. मुदत टळून चार महिने झाले. आता तो म्हणतो, माझ्या बायकोचे दागिने तारण ठेवून घे, नाहीतर माझा भाऊ जामीन राहील, नाहीतर एका हॉटेलवाल्याकडे माझं ६ लाखांचं येणं आहे ते तुझ्या नावावर करतो. व्यवहार शरियतप्रमाणे व्हावा अशी माझी इच्छा आहे. आम्ही कोकणी, शाफिई. यातलं काय घेऊ? (चिपळूणहून एक वाचक)

उत्तर: तिसरा पर्याय सगळ्यांत सुटसुटीत वाटतो, आणि पैसे बुडण्याची वाट तीच आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दुसऱ्याकडचं येणं तुमच्या नावावर करणं म्हणजे फिक्हमधला, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातला, हवाला. (पोलिसांच्या बातम्यांतला हवाला वेगळा; आपल्या ‘हवाली करणं’मधला अर्थ याच्या जवळचा.) हदीस अशी आहे की पैसेवाल्याने देणं लांबवणं हा जुलूम आहे, आणि कुणी तुम्हाला ऐपतदार माणसाकडे वळवलं तर तुम्ही वळावं. पण वळलात की मेहुणा मोकळा होतो. उद्या हॉटेल बंद पडलं, मालकाने हात वर केले, तर परत मेहुण्याकडे येता येतं का? हनफी म्हणतात, येतं: तो माणूस दिवाळखोर मरण पावला, किंवा त्याने व्यवहारच नाकारून शपथ घेतली आणि तुमच्याकडे पुरावा नसला, तर कर्ज मूळ माणसाकडे परततं. शाफिई मताप्रमाणे परतत नाही. हॉटेलवाला आधीपासूनच बुडालेला होता हे तुम्हाला ठाऊक नसलं तरीही नाही, कारण चौकशी करणं तुमचं काम होतं. तुम्ही स्वतःला शाफिई म्हणता, म्हणजे हा दरवाजा एकदा लागला की लागला.

दागिन्यांचं, म्हणजे रहनचं, गणित तुमच्या बाजूने आहे. समजा दागिने ४ लाखांचे आहेत आणि तुमची काही चूक नसताना तुमच्या कपाटातून चोरीला गेले. हनफी हिशेबाने कर्जातले ४ लाख फिटले, उरले फक्त २. दागिने ८ लाखांचे असते तर सगळं कर्ज संपलं असतं. वरचे २ लाख अमानत, त्यांची भरपाई तुमच्यावर नाही. शाफिई हिशेबाने मात्र वस्तू तुमच्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत अमानत असते. हयगय केली नसेल तर नुकसान मालकाचं आणि तुमचे ६ लाख कायम.

पण ताबा हवा. कुराणातही ताब्यात घेतलेल्या तारणाचाच उल्लेख आहे, आणि शाफिई मताप्रमाणे वस्तू हातात येईपर्यंत देणारा मागे फिरू शकतो. ‘दागिने तारण दिले’ असा कागद आणि दागिने त्यांच्याच घरी, याला काही अर्थ नाही. दागिने वहिनींचे आहेत, तेव्हा होकार त्यांचा हवा आणि तोही किती कर्जासाठी हे सांगून. तुमच्या घरात कुणी ते लग्नाला घालू नये. कर्जावर घेतलेला फायदा हा रिबा, म्हणजे व्याजच. ‘अमुक तारखेला पैसे नाही आले तर दागिने माझे’ ही अट टिकत नाही. विकायचे तर मालकाच्या परवानगीने किंवा काझीमार्फत. विक्रीतून तुमचे पैसे इतर सावकारांच्या आधी वळते होतात, वर उरलं ते परत द्यायचं, कमी पडलं तर उरलेलं मागायचं. एकमेकांवर भरवसा कमी असेल तर दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडे ठेवा. फिक्हमध्ये त्यालाच अदल म्हणतात.

भावाची जामीनकी सोबत घ्या, फक्त आकडा नेमका लिहा. तुम्ही दोघांपैकी कुणाकडेही मागू शकता. मात्र मेहुण्याला कर्ज माफ केलंत की भाऊही सुटतो. उलट भावाला सोडलंत तर मेहुणा सुटत नाही. आणि भावाची मालमत्ता विकायची वेळ आली तर तुम्ही इतर सावकारांच्या रांगेत, पुढे नाही.

आता कोर्टाचं. करारांना इथे भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो, शरियत नव्हे. गंमत म्हणजे दागिन्यांबाबत तो शाफिईंच्या जवळ आहे: आपल्या वस्तूइतकी वाजवी काळजी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी ठेवून घेणाऱ्यावर नाही. विकण्याआधी वाजवी नोटीस मात्र द्यावीच लागते. आणि कलम ६२ प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार केलात, तर जुना संपतो.

हॉटेलवाल्याचे पैसे हवेच असतील तर मेहुण्याकडून फक्त वसुलीचं मुखत्यारपत्र घ्या: ‘माझ्या वतीने वसूल करावे, जितके हाती येतील तितकेच माझ्या कर्जातून वजा व्हावेत.’ म्हणजे कर्ज मेहुण्याच्याच नावावर राहतं. ‘सर्व रक्कम पावली’ अशा कागदावर सही करू नका. आणि मुदत संपल्यापासून ३ वर्षांच्या आत त्याच्याकडून ‘६ लाख देणे आहे’ अशी सहीची, तारखेची चिठ्ठी घेऊन ठेवा.