ओमोतेनाशी आणि कस्टमर सर्व्हिस यात फरक काय?

"ओमोतेनाशी म्हणजे चांगली कस्टमर सर्व्हिसच ना? मग जपानी लोक वेगळा शब्द का वापरतात?"

नाही, माझ्या मते फरक सुरुवातीलाच पडतो. सर्व्हिस सुरू होते गिऱ्हाईकाने काही मागितल्यावर, ओमोतेनाशी पाहुणा यायच्या आधीच बरीचशी होऊन गेलेली असते. शब्द मोतेनासु, म्हणजे पाहुणचार करणे, या जुन्या क्रियापदावरून आलाय, त्याला पुढे आदराचा ओ. ('ओमोते नाशी' म्हणजे मुखवटा नाही अशी फोड सगळीकडे वाचायला मिळते पण ती मागाहून जुळवलेली आहे.) २०१३ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या बोलीच्या भाषणात टीव्ही निवेदिका क्रिस्टेल ताकिगावाने तो वापरला आणि जगभर गेला.

खरं रूप बघायचं तर चाजी बघा, म्हणजे जेवणासकट चार-एक तास चालणारा चहाचा पूर्ण समारंभ. भिंतीवर कुठलं लिखाण टांगायचं, फूल कुठलं, भांडी कुठली, हे यजमान त्या दिवसाचा ऋतू आणि येणारी माणसं बघून ठरवतो, पाहुणे यायच्या आधी बागेतल्या वाटेवर पाणी शिंपडतो, आणि हे सगळं कशासाठी केलं ते स्वतःहून सांगत बसत नाही, ते पाहुण्याने ओळखायचं असतं. पाऊस नसला तरी छत्रीची तयारी ठेवा, हा जुन्या काळच्या चहागुरू सेन नो रिक्यूच्या नावावरच्या सात नियमांपैकी एक. चहाचा वाडगा देताना त्याची सुंदर बाजू पाहुण्याकडे केलेली असते, आणि पाहुणा तो फिरवून घेतो, त्या बाजूला ओठ लागू नये म्हणून. म्हणजे पाहुण्यालाही काम आहे, तो नुसता गिऱ्हाईक नाही.

र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत, मात्र पैसे घेतातच, आणि चांगले भरपूर घेतात! मग ओमोतेनाशीत परतफेडीची अपेक्षा नसते असं म्हणतात ते कसं, तर त्या एकेका कृतीचा वेगळा हिशोब नाही. समजा रात्रीच्या जेवणात खोलीची सेवा बघणाऱ्या नाकाइसानच्या लक्षात आलं की तुम्ही डावखुरे आहात, तर सकाळी चॉपस्टिक्स उलट्या बाजूने मांडलेल्या मिळतील, कुणी काही बोलणार नाही. टिप द्यायची पद्धत नाही. कोकोरोझुके म्हणून पाकिटात थोडे पैसे द्यायची जुनी रीत आहे, पण ते बहुतेकदा आल्याआल्या देतात, सेवेला मार्क दिल्यासारखे शेवटी नाही.

याची दुसरी बाजू आपल्या शाकाहारी मंडळींना नक्की जाणवते. सगळं आधी ठरलेलं, त्यामुळे ताटावर बसून "मासे नकोत" म्हटलं तर स्वयंपाकघराची पंचाईत होते, कारण भाजीच्या रश्शातसुद्धा बहुतेकदा दाशी असतं, म्हणजे सहसा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. इथे मागणीप्रमाणे लगेच बदलून देणारी साधी कस्टमर सर्व्हिस जास्त सोयीची पडते. म्हणून बुकिंग करतानाच दाशीसकट काय चालत नाही ते लिहून कळवा, म्हणजे तुमचा विचारही त्या तयारीत धरला जातो.