हवामान-कीड सल्ला मराठीत आणताना: हेक्टर, ग्रॅम आणि ‘तुरळक’

प्रश्न: आमच्या शेतकरी गटासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा इंग्रजी कृषी हवामान सल्ला मी मराठीत करून व्हॉट्सॲपवर टाकतो. शब्द सोपे करतो, तरी लोक फोन करून “म्हणजे नक्की किती टाकायचं?” असं विचारतात. एकक आणि इशारे न बिघडवता सोपं कसं लिहू?

उत्तर: मी हे काम काही वर्षं केलं आहे आणि सुरुवातीला एक मोठी चूकही केली आहे. ती आधी सांगतो, कारण तुमच्याकडे येणाऱ्या फोनचं मूळ बहुधा तिथंच आहे.

तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी सुचवलं होतं आणि मात्रा दिली होती हेक्टरी ११ ग्रॅम. ग्रॅमच्या पुढे दोन छोटी इंग्रजी अक्षरं होती, ती मला बिनमहत्त्वाची वाटली. मी सरळ लिहून टाकलं, “हेक्टरी ११ ग्रॅम औषध”. संध्याकाळी एका जुन्या शेतकऱ्याचा फोन आला, “भाऊ, एवढ्याशानं मुंगीबी मरायची नाही. पुन्हा बघा.” ती दोन अक्षरं म्हणजे क्रियाशील घटक. पाकिटातल्या १०० ग्रॅम औषधात हा घटक फक्त ५ ग्रॅम असतो, म्हणून ११ ग्रॅम घटकासाठी २२० ग्रॅम औषध लागतं. मी मात्रा वीस पटीनं कमी केली होती. उलट्या बाजूनं चूक झाली असती तर ती मात्रा वीस पटीनं वाढली असती, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा माहीत असलेल्या माणसाला त्यापुढे काही सांगायला नको.

म्हणून मात्रा दिसली की पहिला प्रश्न हा, की ही घटकाची आहे की बाजारात मिळणाऱ्या औषधाची? शेतकऱ्यापर्यंत नेहमी औषधाचीच मात्रा जावी, आणि नावापुढची टक्केवारी कधीही गाळू नये. त्याच नावाचं वेगळ्या टक्केवारीचं औषध दुकानात मिळू शकतं आणि मग सगळं गणित फिरतं.

एवढं बरोबर लिहूनही “हेक्टरी २२० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून” या वाक्यावर फोन येणारच. हेक्टर सातबाऱ्यावर असतो, बोलण्यात एकर आणि गुंठे असतात, आणि हातात असतो पंप. म्हणून गणित पंपापर्यंत न्या. ५०० लिटरला २२० ग्रॅम म्हणजे १० लिटरला ४.४ ग्रॅम, आणि १५ लिटरच्या पंपाला ६.६ ग्रॅम. एकराला २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे साधारण सव्वातेरा पंप आणि ८८ ग्रॅम औषध. पंप किती लिटरचा धरला ते दर वेळी लिहा, कारण १५, १६ आणि २० लिटरचे पंप एकाच गावात असतात. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी बरंच कमी लागतं, त्यामुळे साध्या पंपाचं प्रमाण त्याला लागू होत नाही. “हे प्रमाण हातपंपासाठी” एवढी ओळ तरी हवीच.

६.६ ग्रॅम मोजायचं कशानं? झाकणानं मोजण्याची सवय आहे, पण झाकण कंपनीगणिक बदलतं. एकराहून जास्त क्षेत्र असेल तर मी असं लिहितो: १०० ग्रॅमचं पूर्ण पाकीट साडेसात लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं अर्धा लिटर प्रत्येक पंपात घाला, १५ पंप होतील, त्याच दिवशी संपवा. हा हिशोब गटात टाकण्याआधी मी कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवतो. अनुवादकानं स्वतःच्या अकलेनं मात्रा ठरवायची नसते, फक्त तीच मात्रा वेगळ्या भांड्यात ओतायची असते.

आता हवामानाची बाजू. इथं एकच शब्द सर्वांत जास्त फसवतो, तो म्हणजे ‘तुरळक’. हवामान खात्याच्या भाषेत “तुरळक ठिकाणी पाऊस” म्हणजे भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी पाऊस. तो किती पडेल हे त्यात नसतंच. शेतकरी मात्र तुरळक म्हणजे शिंतोडे समजतो. “तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस” वाचून तो गोंधळतो किंवा अर्धं वाक्य सोडून देतो. मी दोन वाक्यं करतो: “थोड्याच गावांत पाऊस होईल. पण जिथे होईल तिथे जोराचा होईल.” ‘मध्यम’ हा शब्दही निरुपद्रवी वाटतो, पण खात्याचा मध्यम पाऊस २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटरपर्यंत जातो. वेचणीला आलेला कापूस भिजवायला तो पुष्कळ झाला. म्हणून शब्द सोपा केला तरी मिलिमीटर काढू नका. ज्याच्याकडे पर्जन्यमापक आहे तो त्यावरूनच ताळा बघतो.

रंगांचंही तसंच. हवामानाचा पिवळा इशारा म्हणजे फक्त लक्ष ठेवा. औषधाच्या डब्यावरचा पिवळा त्रिकोण मात्र लालच्या खालोखाल विषारी. दोन्ही एकाच संदेशात आले तर नुसतं “पिवळा” लिहू नका.

“पुढील ४८ तास” असंही लिहू नका. संदेश तीन दिवसांनी कुणीतरी पुढे ढकलतो आणि वाचणारा तिथून तास मोजतो. वार आणि तारीख द्या.

तुरीचा तो परिच्छेद आता माझ्या हातून असा जातो:

> तूर, फुलं-शेंगांचं पीक
> रविवार २३ आणि सोमवार २४ नोव्हेंबर: जिल्ह्यातल्या थोड्या गावांत पाऊस, जिथे पडेल तिथे हलका ते मध्यम (२.५ ते ६४.४ मिलिमीटर). या दोन दिवशी फवारणी करू नका.
> मंगळवार २५ पासून उघडीप. त्या दिवसापासून आधी सापळे बघा. एका कामगंध सापळ्यात रोज ८ ते १० पतंग, असं सलग २-३ दिवस सापडलं *तरच* फवारा.
> औषध: इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी. १५ लिटरच्या हातपंपाला ६.६ ग्रॅम, म्हणजे साडेसहा ग्रॅमहून किंचित जास्त.
> फवारल्यावर १४ दिवस शेंगा तोडू नका. उकडून खायला ओल्या शेंगाही नाहीत.

शेवटची ओळ मूळ सल्ल्यात “प्रतीक्षा कालावधी १४ दिवस” एवढीच होती. शब्दशः मराठी अगदी बरोबर, पण थंडीत बांधावर बसून तुरीच्या शेंगा खाणाऱ्या माणसाला हे आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही. ‘तरच’ ठळक करण्याचं कारणही असंच. अट लांब वाक्यात बुडाली की औषधाचं नाव तेवढं लक्षात राहतं आणि लोक सापळा न बघताच दुकानात जातात.

टाकण्याआधी मी संदेश एका शेतकऱ्याला फोनवर वाचून दाखवतो आणि तीनच गोष्टी विचारतो: कधी फवारणार, पंपात किती टाकणार, काय करणार नाही. “समजलं का?” असं विचारत नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मागच्या वेळी “सहा पॉइंट सहा” ऐकून समोरून “सहासष्ट?” असं आलं. तेव्हापासून आकड्यापुढे अक्षरांतही लिहितो: ६.६ ग्रॅम, म्हणजे साडेसहा ग्रॅमहून किंचित जास्त.