लचक असती तर फुगवटा आला नसता

"वय ३४. जिममध्ये डेडलिफ्ट सुरू केल्यापासून खोकलं किंवा वजन उचललं की उजव्या जांघेत मऊ फुगवटा येतो, आडवं झालं की जातो. फारसं दुखत नाही. ट्रेनर म्हणतो स्नायू ताणलाय, महिनाभर आराम कर. हा हर्निया असेल का? जिम बंद करू का?"

तुमच्या ट्रेनरला सांगा की ताणलेला स्नायू खोकल्यावर बाहेर येत नाही आणि आडवं झाल्यावर आत जात नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बिबवेवाडीत बसतो. जांघ दुखते म्हणून येणारे बरेचसे पेशंट खरोखरच लचकेचे असतात, त्यांना मी स्वतः व्यायाम देतो. पण तुम्ही लिहिलंय ते लचकेचं वर्णनच नाही. आणि "महिनाभर आराम कर" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण ते आमच्या घरात माझ्या चुलत भावाला ऐकवलं गेलं होतं.

दादा मार्केट यार्डात भुसार बाजारात काम करतो. ५० किलोची पोती दिवसभर. संध्याकाळपर्यंत जांघेत जड वाटायचं, काहीतरी खाली ओढतंय असं, आणि सकाळी उठला की एकदम ठीक. काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, निदान करून टाकलं: लचक भरली. चोळून देणाऱ्या एका माणसाकडे त्याला नेलं. तो तेल लावून नेमकं त्याच जागी अंगठ्याने दाबायचा आणि वरून घट्ट पट्टा आवळायचा. त्यानंतर फुगवटा दिसत नसे, त्यामुळे सगळ्यांना गुण आल्यासारखं वाटलं. मुळात दाबल्यावर आत जाणं हेच हर्नियाचं लक्षण आहे, हे मी सांगून थकलो.

दादा मला दाखवायला लाजत होता. जांघेचं दुखणं भावाला कसं दाखवायचं, म्हणून टाळत राहिला. शेवटी वहिनीने पिच्छा पुरवला तेव्हा आला. आधी त्याला आडवं करून गुडघे वाकवायला लावले, दोन गुडघ्यांच्या मध्ये माझी मूठ धरली आणि म्हटलं, जोरात आवळ. मांडीच्या आतला स्नायू ताणला असेल तर इथे माणूस ओरडतो आणि बोट ठेवून नेमकी जागा दाखवतो, तो स्नायू हाडाला चिकटतो तिथली. कधी मांडीवर काळंनिळंही दिसतं. दादाने माझी मूठ पिळून काढली, दुखलं काहीच नाही. मग उभं केलं, जांघेच्या घडीच्या थोडं वर तीन बोटं सपाट ठेवली आणि खोकायला सांगितलं. बोटांना आतून धक्का बसला. लिंबाएवढा मऊ गोळा वर आला. परत आडवा झाला तेव्हा हलकेच दाबल्यावर गुडगुड आवाज करत आत गेला. गुडगुड म्हणजे आत आतडं होतं.

पुरुषांत ही जागा मुळातच कच्ची असते. जन्माआधी वृषण पोटातून ज्या वाटेने खाली उतरतं, ती वाट पोटाच्या भिंतीतून जाते. खोकला, जोर, कुंथणं यांनी पोटात दाब वाढला की तिथून आतडं किंवा चरबी बाहेर डोकावते, टायर चिरला की ट्यूब डोकावते तशी. स्नायूचा ताण आरामाने काही आठवड्यांत उतरतो, कारण तिथे तंतू परत जुळतात. मोठ्या माणसाच्या पोटाच्या भिंतीतलं हे भोक आरामाने बुजत नाही, मालिशने नाही, पट्ट्याने नाही आणि माझ्या व्यायामानेही नाही. मी दादाला त्याच दिवशी सर्जनकडे जायला सांगितलं.

काका आडवे आले. "पोटाचं ऑपरेशन केलं की माणूस कामातून जातो. पोती कोण उचलणार?" दादा गप्प बसला आणि पट्टा आवळून कामावर जात राहिला.

मग एका रात्री वहिनीचा फोन आला. गोळा आत जात नव्हता. हात लावू देत नव्हता, दगडासारखा कडक झाला होता, वरची कातडी लालसर, आणि त्याला उलट्या सुरू झाल्या होत्या. काका तेल गरम करत होते. मी फोनवर ओरडलो, चोळू नका, दाबू नका, पाणीसुद्धा देऊ नका, थेट हॉस्पिटलला घ्या. आतडं त्या भोकात आवळलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते मरायला लागतं. जबरदस्तीने आत ढकललं तर मेलेलं आतडंच पोटात जाऊ शकतं.

रात्रीच ऑपरेशन झालं. सर्जनने नंतर मला सांगितलं की बाहेर काढलं तेव्हा आतड्याचा तुकडा काळपट जांभळा होता. आवळलेलं मोकळं करून त्यांनी त्यावर कोमट सलाइनचे कपडे ठेवले आणि थांबले. हळूहळू रंग गुलाबी झाला, आतडं हललं, म्हणून कापावं लागलं नाही. रंग परतला नसता तर तेवढा भाग काढून टोकं जोडावी लागली असती. वेळेवर ठरवून केलं असतं तर कमरेखालचा भाग बधिर करून, जाळी बसवून, बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

दादा आज यार्डातच आहे, पोतीच उचलतो. ऑपरेशननंतर लवकर चालायला लावलं, जड उचलणं सर्जनने सांगितलं तोपर्यंत बंद. साधारण चार ते सहा आठवडे धरतात. हे काकांसाठीही लिहितोय, कारण ते अजून मान्य करत नाहीत. माणूस ऑपरेशनने कामातून जात नाही, ते टाळत राहिल्याने जाऊ शकतो.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. प्रत्येक हर्निया अडकतोच असं नाही. लहान असेल, त्रास नसेल तर सर्जन कधी कधी लक्ष ठेवून थांबूही देतात, पण तो निर्णय त्यांनी तपासून घ्यायचा, ट्रेनरने नाही. फुगवटा बोटांना नीट लागत नसेल तर सोनोग्राफी करतात, तेव्हा खोकायला किंवा जोर करायला लावा असं आठवणीने सांगा, शांत पडून केली तर निसटू शकतो. पायाला जखम होऊन जांघेत अवधाण आलं असेल तर ती गाठ दुखते, पण खोकल्याने हलत नाही. आणि बायकांनो, जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या वरच्या टोकाला गोळा आला तर अजिबात थांबू नका. ती वाट अरुंद असते, तिथला हर्निया अडकण्याची शक्यता बरीच जास्त.

जिमचं म्हणाल तर सर्जनने पाहेपर्यंत डेडलिफ्ट, स्क्वॉट बंद. चालणं चालू ठेवा. जुना खोकला असेल, रोज कुंथावं लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर शिवलेल्या जागेवर परत तोच जोर येत राहील.