‘बिनभोगवटा शुल्क’ इंग्रजीत कसं लिहावं?

प्रश्न: आमची सोसायटी छत्रपती संभाजीनगरला आहे. एक फ्लॅटमालक मूळचे हैदराबादचे, सध्या मस्कतला असतात. मराठी वाचता येत नाही, म्हणून उपविधी आणि सभेचं इतिवृत्त इंग्रजीत करून पाठवतोय. ‘बिनभोगवटा शुल्क’ला मी ‘व्हेकन्सी चार्जेस’ लिहिलं. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि या एका शब्दाने त्यांना भलतंच बिल मान्य करायला लावाल. रूढ इंग्रजी संज्ञा ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ अशी आहे. ‘व्हेकन्सी’ म्हणजे रिकामा फ्लॅट. हे शुल्क मात्र फ्लॅट रिकामा असल्याबद्दल लागत नाही. सभासद स्वतः राहत नाही आणि त्याने तो भाड्याने दिलाय, तेव्हा ते लागतं. कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटला ते लागू नाही. विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तरी नाही. गोंधळ ‘भोगवटा’मुळे होतो. सातबाऱ्यावरच्या ‘भोगवटादार वर्ग २’मध्ये तो जमीन धारण करण्याच्या हक्काबद्दल आहे, भोगवटा प्रमाणपत्रात इमारत वापरण्याच्या परवानगीबद्दल, आणि इथे सभासदाने स्वतः राहण्याबद्दल. आपल्याकडे पहिला अर्थ इतका कानावर असतो की तिसरा पटकन सुचत नाही.

रक्कमही इंग्रजीत नीट उतरली पाहिजे. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या हिशोबात महापालिकेचे कर धरायचे नसतात. समजा महिन्याचं बिल २,४०० रुपयांचं आहे: सेवा शुल्क १,५००, टँकरसह पाण्याचे ५००, दुरुस्ती व देखभाल निधी ३००, सिंकिंग फंड १००. यातले पाणी आणि दोन्ही निधी सेवा शुल्कात येत नाहीत. म्हणजे फ्लॅट भाड्याने असेल तर बिनभोगवटा शुल्क १५० रुपये. तुम्ही ‘सेवा शुल्क’ला ‘मेंटेनन्स’ लिहिलंत की वाचणारा अख्ख्या २,४००वर टक्के काढतो आणि २४० होतात. म्हणून ‘सेवा शुल्क’ला दरवेळी ‘सर्व्हिस चार्जेस’च लिहा. बोलताना आपण सगळ्या बिलालाच मेंटेनन्स म्हणतो, ते अनुवादात येऊ देऊ नका.

आता इतिवृत्तात असं वाक्य असेल: ‘जे सभासद सदनिकेत राहत नाहीत त्यांच्याकडून १० टक्के बिनभोगवटा शुल्क घेण्यात यावे असे सर्वानुमते ठरले.’ यात भाड्याचा उल्लेखच नाही, म्हणजे बंद फ्लॅटवालाही सापडतो. शिवाय १० टक्के कशाचे तेही नाही. तरी अनुवादात ‘भाड्याने दिलेल्या’ किंवा ‘सेवा शुल्काच्या’ असे शब्द स्वतःहून घालू नका. ठराव चुकीचा असला तरी तो सभेचा आहे, तो जसा आहे तसाच गेला पाहिजे. वाक्य पूर्ण झाल्यावर चौकटी कंसात ‘ट्रान्सलेटर्स नोट’ म्हणून लिहा की आदर्श उपविधींत हे शुल्क भाड्याने दिलेल्या सदनिकेसाठी, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत आहे. फ्लॅटमालकाला सोसायटीला पत्र लिहायचं झालं तर ठराव आणि टीप वेगळी दिसणं त्याच्या कामाचं आहे.

त्याच वाक्यातल्या ‘घेण्यात यावे’ला ‘शुड बी चार्ज्ड’ करू नका. मराठी ठरावात ‘यावे’ हा निर्णय असतो. ‘शुड’ने तो सल्ला होतो आणि दूर बसलेला माणूस समजतो की अजून काही ठरलेलं नाही. ‘रिझॉल्व्ह्ड युनॅनिमसली दॅट’ने सुरुवात करून पुढे नुसतं ‘बी चार्ज्ड’ ठेवा.

उपविधींचा अनुवाद मुळातून करत बसू नका. आदर्श उपविधी इंग्रजीतही उपलब्ध आहेत. आधी तुमच्या सोसायटीची नोंदणीकृत प्रत २०१४च्या नमुन्यावर आहे की जुन्या, ते पाहा. मग इंग्रजी नमुना शेजारी ठेवून कलमागणिक ताडा, आणि जिथे मजकूर वेगळा आहे किंवा रिकाम्या जागी तुमचे आकडे भरलेत, तेवढाच अनुवाद करा. जुनी प्रत आणि नवा नमुना यांचे कलम क्रमांक जुळत नाहीत, तेव्हा इतिवृत्तात ‘उपविधी क्र.’ आला की तो कोणत्या प्रतीचा हे तपासूनच पुढे जा.

ताडताना ‘दुरुस्ती’कडे लक्ष असू द्या. ‘दुरुस्ती निधी’तली दुरुस्ती ‘रिपेअर्स’, ‘उपविधी दुरुस्ती’तली ‘अमेंडमेंट’. इतिवृत्तात उपविधी दुरुस्तीचा ठराव दिसला तर निबंधकांनी ती नोंदवली आहे का हे सचिवांना विचारा. नोंदणी होईपर्यंत ती लागू होत नाही, त्यामुळे तोवर मालकाला जुनंच कलम पाठवायचं.